हवामान मॉडेलचे आकडे आणि कंसातली रेंज निबंधात कशी लिहायची?

सई_टीवाय

नमस्कार मंडळी. मी टीवायला आहे, भूगोल. 'भारतातील तापमानवाढीचे अंदाज' या विषयावर १५०० शब्दांचा निबंध द्यायचाय. पहिला खर्डा सरांनी परत दिला आणि नेमक्या या परिच्छेदावर लाल पेन फिरवलाय:

"आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार २१०० साली तापमान ४.४ अंशांनी वाढेल. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालातही ४.४ हाच आकडा असल्याने दोन्ही अभ्यास एकमेकांना दुजोरा देतात. मात्र मॉडेल्समध्ये अनिश्चितता असल्याने प्रत्यक्ष वाढ १.० ते ५.७ अंश यांपैकी कितीही असू शकते."

समासात सरांचा शेरा: "कशाच्या तुलनेत? कुठलं ४.४? अनिश्चितता कोणाची?" सर सध्या परीक्षेच्या ड्यूटीवर आहेत, भेटत नाहीत. आकडे मी इकडून तिकडून उचललेले नाहीत, दोन्ही मूळ अहवाल उघडून घेतलेत. १.० आणि ५.७ हे आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या, अहवालाच्या सारांशातल्या तक्त्यातले सगळ्यात खालचे आणि सगळ्यात वरचे आकडे आहेत. मग नेमकं खटकलं काय?

चहाटळ

उद्या पाऊस पडेल म्हणून सांगितलं की मी छत्री घरी ठेवतो. आणि हे २१०० चं दशांश चिन्हासकट सांगतायत. धन्य आहे.

सरासरी_माणूस

चहाटळ, दर धाग्यावर तोच विनोद! उद्याचा पाऊस आजच्या स्थितीवरून काढतात. शतकाअखेरची सरासरी हवेत किती वायू साठलेत त्यावरून काढतात. अमुक दिवशी पाऊस पडेल का, हे मॉडेल सांगतच नाही.

सई, तुझं दुखणं बेसलाइनचं आहे. आयपीसीसीचं ४.४ हे १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत आहे. त्यातली काही वाढ आपण आधीच पचवलीय. १९९५ ते २०१४ या काळापर्यंत ०.८५ अंश वाढ होऊन गेली होती, म्हणून 'अलीकडच्या काळाच्या तुलनेत' म्हणायचं तर सरळ ०.८५ वजा कर, साधारण ३.५ येतं. मंत्रालयाच्या आकड्याची बेसलाइन बघ आणि दोन्ही एका पातळीवर आण. कंस म्हणजे ९० टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, सँपलचा असतो तसाच. आणि पुढे उत्सर्जन किती होईल याचे पाच सिनॅरिओ आहेत तर पाचांची सरासरी दे, एकच आकडा राहतो. वाचणाऱ्यालाही सोपं.

ढगांचा_हिशोब

सरासरी_माणूस, बेसलाइनचं बरोबर. पुढच्या दोन गोष्टींना मात्र माझा विरोध आहे, त्यावर नंतर येतो. मी या मॉडेल्सचा डेटा हाताळतो म्हणून जरा लांबण लावतोय, सांभाळून घ्या.

सई, आधी तुझे दोन ४.४ शेजारी ठेवू. आयपीसीसीचं ४.४ हे अख्ख्या पृथ्वीचं आहे, समुद्रासकट. ते २१०० सालचं नाही, २०८१ ते २१०० या वीस वर्षांच्या सरासरीचं आहे. तुलना १८५० ते १९०० शी आणि सिनॅरिओ एसएसपी ५-८.५, म्हणजे अतिउच्च उत्सर्जनाचा. मंत्रालयाच्या अहवालातलं ४.४ फक्त भारताचं. शतकाअखेरचंच, पण तुलना १९७६ ते २००५ शी, आणि सिनॅरिओ आरसीपी ८.५, म्हणजे आधीच्या पिढीतला. शेवटी ८.५ दोन्हीकडे आहे, कारण २१०० मध्ये दर चौरस मीटरला साधारण साडेआठ वॅट इतकी जादा ऊर्जा अडकेल असं दोन्ही धरतात. पण तिथवर पोचायची वायूंची वाटणी दोन्हींत वेगळी आहे, आणि मॉडेल्सची पिढीही वेगळी.

म्हणजे प्रदेश वेगळा, बेसलाइन वेगळी, मॉडेल वेगळी, आणि आकडा तेवढा जुळला. हा योगायोग आहे. दुजोरा म्हणायचा तर आधी दोन्ही एका मापात आणावे लागतील, आणि आणलेस की ते जुळणार नाहीत. आयपीसीसीचा आकडा अलीकडच्या बेसलाइनवर घेतला की साडेतीनच्या आसपास येतो, भारताचा तर मुळातच अलीकडच्या बेसलाइनवरचा आहे. त्यात कुणाची चूक नाही. जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, त्यामुळे फरक पडायचाच.

आणि सई, उलट बाजूने मंत्रालयाच्या आकड्यात ०.८५ मिळवून 'औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत भारत' असा आकडा बनवू नकोस. ०.८५ हे जगाचं माप आहे. त्याच अहवालात भारताची १९०१ ते २०१८ मधली वाढ सुमारे ०.७ अंश दिलीय, जगापेक्षा कमी, आणि हवेतल्या धूलिकणांनी नि जमिनीच्या वापरातल्या बदलांनी ती थोडी झाकली गेली असंही म्हटलंय. जगाची पट्टी भारतावर चालत नाही.

खडू_फळा

ढगांचा_हिशोब, छान सांगितलंत. मी तीस-एक वर्षं कॉलेजात भूगोल शिकवला, निबंधांचे ढीग तपासले. सई, तुझ्या परिच्छेदात मला जास्त खटकलं ते '१.० ते ५.७'. ते कुठून जोडलंस ते बघ. १.० हे सगळ्यात कमी उत्सर्जनाच्या सिनॅरिओचं खालचं टोक आणि ५.७ हे सगळ्यात जास्त उत्सर्जनाच्या सिनॅरिओचं वरचं टोक. पुण्याहून कोल्हापूरला पाच-सहा तास लागतात, नागपूरला पंधरा-सोळा. म्हणून 'एसटीला पाच ते सोळा तास लागतात' असं कुणी सांगतं का? कुठे जायचंय हे आधी विचारायला नको?

सई_टीवाय

बाई, हे लगेच पटलं. पण मग दोन्ही एकाच प्रकारची अनिश्चितता नाही का? शेवटी आपल्याला माहीत नाही म्हणूनच रेंज आहे ना?

ढगांचा_हिशोब

नाही, आणि सरांचं 'कोणाची' हे बहुतेक त्याबद्दलच आहे. तक्त्यातल्या दोन ओळी घे. मध्यम उत्सर्जनाचा एसएसपी २-४.५: शतकाअखेर २.७, कंसात २.१ ते ३.५. अतिउच्च एसएसपी ५-८.५: ४.४, कंसात ३.३ ते ५.७. कंसाच्या आतली रुंदी ही पृथ्वीबद्दलच्या आपल्या अज्ञानाची. तेवढाच वायू सोडला तर ढग कसे बदलतील, समुद्र किती उष्णता गिळेल हे नक्की ठाऊक नाही म्हणून ती रुंदी. २.७ आणि ४.४ यांच्यातलं अंतर मात्र माणसं काय करतील त्याचं. ते कुठलं मॉडेल काढत नाही, ते आपण मॉडेलला देतो. म्हणून कंस वाचताना 'या वाटेने गेलो तर' हे मनात धरूनच वाचायचा.

यापेक्षा मजेशीर गोष्ट त्याच तक्त्याच्या पहिल्या रकान्यात आहे. २०२१ ते २०४० साठी एसएसपी १-२.६, २-४.५ आणि ३-७.० या तिन्हींचा आकडा एकच, १.५, आणि कंसही एकच, १.२ ते १.८. २०४० पर्यंत कुठल्याही वाटेने गेलात तरी फारसा फरक दिसत नाही. तिथे सगळी रुंदी मॉडेलमधल्या फरकांची आणि हवामानाच्या स्वतःच्या चढउतारांची, म्हणजे एल निन्यो वगैरे. २०४१ ते २०६० मध्ये वाटा फुटतात, २-४.५ ला २.० आणि ५-८.५ ला २.४. शतकाअखेर सिनॅरिओचंच राज्य. 'अनिश्चितता कोणाची' याचं उत्तर तू कोणत्या सालाबद्दल बोलतेस त्यावर आहे. हॉकिन्स आणि सटन या दोघांनी २००९ मध्ये हेच आलेखात मांडलं होतं. निबंधात हे एक वाक्य आलं तर सर खूश होतील.

देवगडी

आमचा आंबा गेली काही वर्षं वेळेवर मोहरत नाय. कधी थंडी नाय, कधी अवेळी पाऊस. ह्या मॉडेलात देवगड तालुक्याचं २०५० चं काय ते दिसतं का? कलमं लावायची की काजू, ठरवायचं हाय.

ढगांचा_हिशोब

देवगडी, प्रामाणिक उत्तर 'नाही' असं आहे. जागतिक मॉडेलची एक चौकट साधारण शंभर किलोमीटरची, कित्येकांची त्याहून मोठी. देवगडचा किनारा, गगनबावड्याचा घाट आणि कोल्हापूरच्या अलीकडचा भाग, हे सगळं एका चौकटीत येतं. त्यात मॉडेलला घाट म्हणजे एक बुटका उंचवटा. मोहर अवलंबून असतो थोड्या रात्रींच्या थंडीवर, आणि एवढं बारीक त्यातून निघत नाही. बारीक चौकटींची प्रादेशिक मॉडेल्स आहेत, पण कडेने त्यांच्यात शिरणारी हवा त्याच मोठ्या मॉडेलची असते, त्यामुळे मोठ्याची चूक तीही वाहून आणतात. रात्री सरासरीने उबदार होत जातील एवढं धरून चाला. कुठल्या वर्षी थंडी हुकेल ते यातून काढू नका.

देवगडी

म्हणजे काजू.

चहाटळ

देवगडी, काजूचा मोहर काय अवेळी पावसाला घाबरत नाही? मला एक पेटी पाठवा, मग सविस्तर सांगतो.

सरासरी_माणूस

विषय सोडू नका रे. ढगांचा_हिशोब, माझ्या दोन गोष्टींना विरोध आहे म्हणालात, ते राहिलं.

ढगांचा_हिशोब

राहिलं खरं. पहिली, पाचांची सरासरी. सरासरी घेतलीस म्हणजे पाचही वाटांना तू गुपचूप २०-२० टक्के शक्यता दिलीस. आयपीसीसीने सिनॅरिओंना शक्यता दिलेलीच नाही. ते पाच कुणी नमुना म्हणून उचललेले नाहीत, मुद्दाम दूर-दूर अंतरावर निवडलेत. सहावा घातला की तुझी सरासरी हलणार, आणि पृथ्वीचं काहीच बदललेलं नसणार.

दुसरी, सँपलची रेंज. मॉडेल्स एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. बरीच जण एकमेकांचा कोड, समुद्राचा किंवा बर्फाचा भाग, वापरतात. म्हणून तीस मॉडेल म्हणजे तीस स्वतंत्र मोजमापं नव्हेत. शिवाय या पिढीतली काही मॉडेल्स जरा जास्तच तापट निघाली. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर शेवटी किती तापेल, याचं मॉडेल्सचं उत्तर १.८ ते ५.६ असं पसरलेलं होतं. अहवाल लिहिणाऱ्यांनी ढगांचा अभ्यास, गेल्या शतकाची नोंद, प्राचीन काळाचे पुरावे असे सगळे एकत्र तोलून ३ हा मधला आकडा धरला आणि २ ते ५ ही ९० टक्क्यांची रेंज. तक्त्यातला कंसही असाच तोलून आलेला आहे. मॉडेल्सच्या उत्तरांतलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं घेऊन तो काढलेला नाही.

कसं ओळखायचं? कच्च्या मॉडेल्सची रेंज कुठे दिली असेल तर सोबत किती मॉडेल ते लिहिलेलं असतं आणि बहुधा पाचवं ते पंच्याण्णवावं शतमक असतं. आयपीसीसीचा इंटरॅक्टिव्ह ॲटलास उघड. तिथे प्रदेश दक्षिण आशिया, डेटासेट सीएमआयपी६ म्हणजे याच पिढीतली मॉडेल्स, सिनॅरिओ, काळ आणि बेसलाइन तू स्वतः निवडू शकतेस. बेसलाइन बदलली की आकडा डोळ्यांदेखत बदलतो, ते एकदा करून बघच. पण तिथली रेंज ही कच्च्या मॉडेल्सची. सारांशातल्या तक्त्यातल्या कंसाशी ती एका वाक्यात जोडू नकोस.

शंकेखोर

एवढं सगळं ठीक, पण ८.५ कशाला हवंय मुळात? त्यात कोळशाचा वापर अशा थराला जातो की आता कुणी ते खरं मानत नाही. वर्तमानपत्रवाले 'असंच चालू राहिलं तर' म्हणून तेच छापतात. सईने ४.४ पूर्ण काढून टाकावं. विद्यार्थ्यांना घाबरवण्याचे धंदे आहेत सगळे.

ढगांचा_हिशोब

अर्धं मान्य. 'असंच चालू राहिलं तर' हे ८.५ ला चिकटवणं चूक, यावर २०२० मध्येच हाउसफादर आणि पीटर्स यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं होतं. आयपीसीसीनेही अशा उच्च उत्सर्जनाची शक्यता ऊर्जाक्षेत्रातल्या घडामोडींमुळे कमी मानली गेल्याचं नोंदवलंय. पण काढून टाकायला मी तयार नाही. जमीन आणि समुद्र आत्ता जेवढा कार्बन शोषतात तेवढा पुढे शोषतीलच असं नाही. उत्सर्जन कमी असूनही हवेतलं प्रमाण अपेक्षेपेक्षा वर जाऊ शकतं. आणि सईच्या हातातल्या भारतीय अहवालाचा ठळक आकडाच आरसीपी ८.५ चा आहे, तो टाळून निबंध कसा होणार?

शंकेखोर

त्यात आरसीपी ४.५ पण असणारच. ते वापरा की.

ढगांचा_हिशोब

आहे, आणि वापरावंच. दोन्ही शेजारी.

शंकेखोर

शेजारी ठेवलं तरी वाचणारा मोठाच आकडा लक्षात ठेवतो. माझं मत कायम.

मुंबईकर_७८

समुद्राचं विसरलात सगळे. मुंबईचं काय? शतकाअखेर मंत्रालय पाण्याखाली असं कुठेतरी वाचलं होतं. सई, ते घाल निबंधात, मार्क मिळतील.

सई_टीवाय

समुद्रपातळीचा एक छोटा तक्ता घातलाय, तापमानाच्या तक्त्याला जोडूनच. एसएसपी ५-८.५ साठी ०.६३ ते १.०१ मीटर. तो बरोबर आहे ना?

ढगांचा_हिशोब

आकडा बरोबर, बेसलाइन १९९५ ते २०१४. पण एका तक्त्यात दोन वेगळे कंस येतायत. तापमानाचा कंस ९० टक्क्यांचा, समुद्राचा ६६ टक्क्यांचा. म्हणजे समुद्रपातळी या कंसाबाहेर जायची शक्यता एक तृतीयांशापर्यंत असू शकते. शेजारी-शेजारी ठेवलंस तर वाचणाऱ्याला वाटेल दोन्हींची खात्री सारखी. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाची हिमस्तरं कशी ढासळतील याचं आकलन अजून कच्चं आहे, म्हणून तिथे ९० टक्क्यांचा दावा केलेला नाही. त्याच सारांशात, अतिउच्च उत्सर्जनात २१०० पर्यंत दोन मीटरच्या जवळ जाणं नाकारता येत नाही, असंही म्हटलंय. तक्ते वेगळे कर आणि प्रत्येकाच्या खाली टक्के लिही.

मुंबईकर, हे समुद्राच्या सरासरी पातळीचे आकडे आहेत, तेही जगाचे. मंत्रालयाच्या पायरीपर्यंत पाणी येईल का, हे भरती, पाऊस, नाले, भराव यांवर ठरेल. निबंध तापमानाचा आहे ना सई? मग समुद्र सोडून दिलास तरी चालेल.

खडू_फळा

सोडून दे असं मीही म्हणेन. १५०० शब्दांत एकच गोष्ट नीट येते. मात्र प्रत्येक आकड्यापाठी आठ-दहा शब्दांचं शेपूट नको. बेसलाइन आणि काळ सुरुवातीला एकदा सांग, पुढे 'याच तुलनेत' एवढं पुरे. नाहीतर सगळा निबंध कंसांनी भरेल आणि वाचणारा तिसऱ्या ओळीला पेंगेल.

ढगांचा_हिशोब

बाई, मी उलट म्हणेन. कंस जास्त झाले तरी चालतील. एकदा सांगितलेली बेसलाइन दोन पानांनी विसरली जाते आणि मग दोन ४.४ पुन्हा गळ्यात गळे घालतात.

सई_टीवाय

नवा परिच्छेद. बघा:

"आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार १८५०–१९०० च्या तुलनेत २०८१–२१०० या काळातील जागतिक सरासरी तापमान मध्यम उत्सर्जनाच्या सिनॅरिओत २.७ अंशांनी (२.१ ते ३.५) आणि अतिउच्च उत्सर्जनाच्या सिनॅरिओत ४.४ अंशांनी (३.३ ते ५.७) जास्त असेल. कंसातील रेंज ९० टक्क्यांची असून ती त्या-त्या सिनॅरिओपुरतीच आहे. मॉडेल्स, निरीक्षणे व इतर पुरावे एकत्र तोलून ती काढली आहे. दोन सिनॅरिओंमधील फरक मानवी निर्णयांवर अवलंबून असून त्याला शक्यतेची टक्केवारी दिलेली नाही. २०४० पर्यंत हा फरक जेमतेम दिसतो, शतकाअखेर तोच सर्वांत मोठा ठरतो. भारतासाठी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल आरसीपी ८.५ मध्ये शतकाअखेर सुमारे ४.४ अंशांची वाढ दाखवतो, परंतु ती १९७६–२००५ च्या तुलनेत आहे. वरच्या ४.४ शी तिची थेट तुलना होत नाही."

समुद्र काढला. ॲटलास उघडून बेसलाइन बदलून पाहिली, खरंच आकडा उडी मारतो.

खडू_फळा

उत्तम. हा असता तर मी लाल पेन उचललाच नसता.

सरासरी_माणूस

मस्त. पण 'त्यालाही टक्केवारी असायला हवी' असं मला अजून वाटतं. धोरण ठरवणाऱ्याला शेवटी काहीतरी वजन द्यावंच लागतं की.

ढगांचा_हिशोब

सई, दोन बारीक गोष्टी. 'जास्त असेल' ऐवजी 'त्या वाटेने गेल्यास जास्त असण्याचा अंदाज आहे' असं कर. आणि जगाच्या आकड्यांना कंस आहे, भारताच्या ४.४ ला नाही. वाचणाऱ्याला वाटेल भारताचा आकडा पक्का. खरं तर प्रदेश लहान झाला की रेंज रुंदावते. भारतीय अहवालाच्या तापमानाच्या प्रकरणात मॉडेल्समधला फरक दिलेला असेल, तो शोधून घाल, आणि तो मॉडेल्समधला फरक आहे हे लिही. ९० टक्के म्हणू नकोस.

सरासरी_माणूस, वजन देणारे अभ्यासक आहेतच, त्यावर भांडणंही आहेत. वेगळा धागा काढा, मी येतो.

शंकेखोर

काढाच. पहिली कॉमेंट माझी, ८.५ वर.